बारा मीटरचा शॉट

जाहिरातीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहायला घेतली तेव्हा आमच्या मशीनची विक्री बघणाऱ्या जयंत सरांनी मला तीन व्हिडिओ पाठवले. तिन्ही आमच्या स्पर्धकांचे. तिन्हींत एकच ढोलकीवाली धून, एकच भारदस्त पुरुषी आवाज आणि निळ्या टोपीतला एक माणूस. तो पाऊच मशीनला देतो, पाऊच पलीकडून बंद होऊन येतं, तो ते दोन्ही हातांनी ताणतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो.

"असं पाहिजे," सर म्हणाले. "फक्त आपलं थोडं बेटर. फॅक्टरीवाल्याच्या फोनवर हे तिन्ही असणारच. आपला चौथा. तो चारही बघतो आणि सगळ्यात फास्ट जे दिसतं त्याला फोन लावतो. बस, इतकंच असतं यार."

मी पॉलिमरमध्ये एमएस्सी केलेलं. फरिदाबादच्या या कारखान्यात मला 'टेक्निकल कंटेंट'साठी घेतलं होतं, म्हणजे माहितीपत्रकं, मॅन्युअल आणि आता हा व्हिडिओ. वडील लष्करात सुभेदार, दिल्ली कँटमध्ये क्वार्टर. त्यांनी आजीचं नाव मला दिलं, विजयमाला. ऑफिसात त्याचं माला झालं.

मशीन साधं आहे. बँड सीलर म्हणतात त्याला. भरलेलं पाऊच सरकत्या पट्ट्यावर उभं ठेवायचं आणि त्याचं तोंड दोन टेफ्लॉनच्या पट्ट्यांच्या चिमटीत द्यायचं. चिमटी ते तोंड पुढे नेते. आधी दोन्ही बाजूंना गरम ठोकळे, तिथे प्लास्टिक वितळून चिकटतं. मग गार ठोकळे, तिथे ते घट्ट होतं. शेवटी एक खाचांचं चाक त्यावर आडव्या रेघा उठवतं. पट्ट्यांचा वेग एका बटणाने कमी-जास्त होतो, जास्तीत जास्त मिनिटाला बारा मीटर.

आता हे बारा मीटर. आमच्या मशीनच्या गरम ठोकळ्यांची लांबी वीस सेंटिमीटर. बारा मीटरच्या वेगाने पाऊचचा कुठलाही बिंदू त्या ठोकळ्यांमध्ये बरोबर एक सेकंद असतो. पातळ पॉलिथिनच्या पिशवीला एक सेकंद पुरतो. पण मसाल्याच्या पाऊचला तीन थर असतात, बाहेर पॉलिस्टर, मध्ये ॲल्युमिनियम, आत पॉलिथिन. वितळायचं ते फक्त आतलं. उष्णता बाहेरून आत पोचायला वेळ लागतो. मी आमच्याच शेडमध्ये करून पाहिलं होतं. जाड पाऊचला दोन सेकंद हवेत, म्हणजे सहा मीटर. तापमान वाढवून वेळ वाचवावा तर आतलं चिकटायच्या आत बाहेरचा पॉलिस्टर आकसतो आणि तोंडाला चुण्या पडतात. चुण्यांमधून हवा जाते.

यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. सगळ्याच कंपन्यांच्या मशीनचं थोड्याफार फरकाने असंच असतं.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी मला एक खरं गिऱ्हाईक बघायचं होतं. सरांच्या यादीत दिल्लीजवळच्या कुंडली गावच्या हेमलता काळसेकर होत्या. मराठी बाई, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकताच रिटायर झालेला. त्या गोडा मसाला, मेतकूट आणि लसणाची चटणी करतात. दिल्लीतल्या मराठी घरांपासून सुरुवात केली, आता लष्कराच्या कँटीनपर्यंत पोचल्या आहेत. मी गेले तेव्हा त्यांनी कमरेला पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून मला शेडभर फिरवलं. चार बायका चटणी भरत होत्या आणि पाचवी हाताच्या सीलरने तोंडं दाबत होती.

"हे बघ," त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्याला पाय लावला. "परत आलेला माल. तोंडं सुटली. कँटीनचा मेजर म्हणाला, मॅडम, चटणी चांगली आहे, पण आमच्या सगळ्या रॅकला लसणाचा वास येतोय. एक संधी अजून देतो. एकच. म्हणून मशीन."

"तुम्ही व्हिडिओत काय बघता ताई?"

"आवाज बंद करते पहिला. मग त्या टोपीवाल्याचे हात बघते. पाऊच रिकामं आहे का भरलेलं? भरलेलं असेल तर काय भरलंय? सगळे मेले तांदूळ भरतात. तांदूळ उडतो का कधी? माझ्या चटणीत खोबरं आहे. तेल सुटतं, तोंडाला लागतं. ते कोणी दाखवत नाही."

"आम्ही दाखवू," मी म्हणाले. "तुमचंच पाऊच, तुमचीच चटणी."

त्यांनी मला रिकाम्या पाऊचचा गठ्ठा आणि डबाभर चटणी दिली. निघताना म्हणाल्या, "खोटं काही दाखवू नकोस हं. मी या एकाच मशीनवर सगळं लावतेय."

मी मन लावून स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच दृश्यात पाऊच बारा मीटरवर जातं आणि ताणल्यावर उघडतं. आवाज सांगतो, का उघडलं. मग तेच सहा मीटरवर, आणि ते उघडत नाही, ताणलं तर प्लास्टिकची फिल्मच फाटते पण जोड सुटत नाही. चांगल्या सीलची खूण हीच. मग तेलकट तोंड कोरड्या कापडाने कसं पुसायचं ते. मग हिशेब. पंधरा सेंटिमीटरचं पाऊच आणि दोन पाऊचमध्ये तळहाताच्या रुंदीएवढी, दहा सेंटिमीटरची जागा. सहा मीटरला मिनिटाला चोवीस पाऊच होतात. हेमलताताईंच्या चार बायका मिळून मिनिटाला वीसच्या वर भरत नाहीत. बारा मीटर त्यांना लागतच नाहीत. शेवटी मालकांना सल्ला: तुमचं पाऊच, तुमचा माल प्रत्येक कंपनीकडे पाठवा आणि न कापलेला एक शॉट मागा.

जयंत सरांनी ती वाचली, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "पहिल्या सीनमध्ये आपलंच पाऊच फुटतंय?"

"हो. त्यामुळे पुढचं पटतं."

"पुढचं बघणारच नाही कोणी. माला, तू हुशार आहेस, बिल्कुल. पण मी वीस वर्षं मशीन विकतोय. समोरच्याला बारा दिसले पाहिजेत. बाकीचे तिघं बारा म्हणतायत आणि आपण म्हणायचं सहा? अच्छा, आणि वर त्याला सांगायचं की दुसऱ्यांकडे जाऊन परीक्षा घे?"

"सगळ्यांचंच सहा आहे सर. आपण पहिले सांगणारे असू."

"पहिले मरणारे असू."

बरीच ओढाताण झाली. फुटणारं पाऊच गेलं, हिशेब गेला, सल्ला गेला. मी एका वाक्यावर अडून बसले: 'हा शॉट कुठेही कापलेला नाही.' म्हटलं, हे वाक्य ठेवा आणि त्या शब्दाला जागा. वेग कुठला ते तुम्ही ठरवा, पण भरलेलं पाऊच, खरी चटणी, एक अखंड शॉट. जे होईल ते दिसेल. सर एकदम सहज म्हणाले, "चलो, डन."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सर इतक्या सहज कधीच मानत नाहीत.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी मला नोएडाला स्टुडिओत पाठवलं. व्हिडिओला आवाज माझाच हवा, बाईचा आवाज वेगळा वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मी हिंदीत सगळं वाचलं, ते वाक्यही वाचलं. परत आले तेव्हा शेडमध्ये दिवे आवरत होते. जयंत सर खुशीत होते. मोठ्या पडद्यावर शॉट दाखवला. वेग दाखवणाऱ्या आकड्यावरून कॅमेरा सुरू होतो, बारा. तिथून न कापता पाऊचवर येतो. हेमलताताईंची लाल चटणी भरलेली पाऊच एकामागून एक धावतात, बाहेर येतात, निळ्या टोपीतला आमचा बळवंत एक उचलतो, ताणतो. सुटत नाही. अजून एक. सुटत नाही.

 बारा मीटरवर हे होऊच शकत नव्हतं. माझ्याच प्रयोगात वीसपैकी वीस उघडली होती.

टेबलाखाली ट्रे होता. रिटेक लागला तर म्हणून भरून ठेवलेली, मशीनमधून अजून न गेलेली पाऊच. एक उचललं. त्याचं तोंड बंद होतं.

दुसरं उचललं. बंद. तिसरं. ट्रेमधलं एकूण एक पाऊच आधीच सील केलेलं. मग शूटिंगमध्ये वापरलेली पाऊच पाहिली. त्यांच्या तोंडावर खाचांच्या चाकाच्या रेघा दोनदा उठल्या होत्या, एकमेकींवर थोड्या सरकलेल्या, हातावर दोनदा मारलेल्या शिक्क्यासारख्या.

"बळवंत दादा, ही आधी कशावर काढली?"

बळवंतने टोपी काढली. "चार मीटरवर. जयंत सर बोलले. मग तीच परत बारावर सोडली." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळीकडे असंच करतात शूटिंगला. मी पाहिलंय."

मी ट्रे उचलला आणि जयंत सरांच्या टेबलावर त्यांच्या चहाच्या कपाला धक्का लागेल असा आपटला.

"हे काय आहे?"

"पाऊच आहेत," ते शांतपणे म्हणाले. "चहा सांडला बघ."

"आधी बंद केलेली! बंद पाऊच परत बंद करून दाखवलीत तुम्ही. आणि वर माझा आवाज सांगतोय की शॉट कापलेला नाही!"

"कापलाय का?"

मी ट्रेमधलं एक पाऊच उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"सांग ना. कापलाय? एक फ्रेम तरी? तुझं वाक्य शंभर टक्के खरं आहे, माला. अखंड शॉट. भरलेलं पाऊच. खरी चटणी. तू मागितलंस ते सगळं दिलं." ते हसले. मला ते हसणं अजून आठवतं आणि अजून हाताच्या मुठी वळतात. "तू असं लिहिलं नव्हतंस, की पाऊच आधी उघडं असलं पाहिजे."

मला इतका राग आला की क्षणभर काही ऐकूच येईना. खोटं बोलणाऱ्याचा राग येतोच, पण या माणसाने माझ्याच अचूकपणाचा दोर करून मला बांधलं होतं. मी प्रत्येक शब्द तोलून लिहिला होता आणि त्या तोललेल्या शब्दांमागे ते आरामात लपले होते.

"त्या बाईंना एकच संधी आहे सर. व्हिडिओ बघून त्या मशीन बाराला लावतील. माल पाठवतील. वाटेत सगळी तोंडं सुटतील."

"मग आपला माणूस जाईल आणि सांगेल, मॅडम, स्पीड जरा कमी करा. असंच होतं. सगळ्यांचं असंच होतं. सहावर आणल्यावर चालतंच ना मशीन? मग? मशीन चांगलंच आहे आपलं."

"तेच तर! चांगलं आहे! मग खोटं कशाला?"

"कारण बाकीचे तिघं खोटं बोलतायत!" आता त्यांचाही आवाज चढला. "मागच्या वेळी मी खरं सांगितलं होतं एका बिस्किटवाल्याला. सहा म्हणालो. त्याने माझ्यासमोर दुसऱ्याला फोन लावला, स्पीकरवर! तो म्हणाला बारा, हा म्हणाला, ठीक है, भेज दो. मी तिथेच बसलो होतो चहाचा कप घेऊन. तू कॉलेजातून आलीस, तुला काय माहीत."

"माझा आवाज काढा त्यातून."

"तो कंपनीचा आहे. जा घरी."

संध्याकाळी मेट्रोत असतानाच कंपनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, खाली सरांचा संदेश: सगळ्या चौकशीवाल्यांना पाठवला. यादीत हेमलताताईंचं नाव होतं.

मी उभ्या उभ्याच त्यांना फोन लावला. डब्यात गर्दी होती, मी मराठीत बोलत होते म्हणून बरं.

"अगं, आत्ताच बघितला!" त्या खूश होत्या. "माझीच चटणी ती. आणि बारावर! मी आत्ता त्या जयंत साहेबांना हो म्हणणार होते."

"म्हणू नका ताई. उद्या सकाळी फरिदाबादला या. रिकामी पाऊच आणि चटणी घेऊन या. स्वतः भरा. स्वतः लावा. कोणाच्या हातात देऊ नका."

 मग एकदम वेगळा, कोरडा आवाज. "व्हिडिओत आवाज तुझाच आहे ना?"

"हो."

"येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी त्या आल्या तेव्हा जयंत सर नमस्कार करत दारापर्यंत गेले. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला? मीच आलो असतो ॲग्रीमेंट घेऊन."

"मशीन चालू करा," हेमलताताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला, टेबलावर पाऊच मांडली आणि पळीने चटणी भरायला लागल्या. प्रत्येकाचं तोंड आतून-बाहेरून पुसलं. सर माझ्याकडे बघत होते. मी मशीनचं तापमान लावलं, जे योग्य होतं तेच, एक अंश इकडे-तिकडे नाही. हरायचं असेल तर मशीनने प्रामाणिकपणे हरावं.

"मॅडम, आधी जरा सहावर बघू—"

"व्हिडिओत किती होते?"

"ते... बारा. पण ते तसं डेमोसाठी—"

"मग बारा. आणि हात खाली ठेवा, साहेब. त्या बटणाला हात लावायचा नाही."

पहिलं पाऊच गेलं, आलं. दिसायला सुंदर होतं, रेघा एकदम सरळ. ताईंनी दोन बाजू चिमटीत धरल्या आणि ओढल्या. चर्र असा आवाजसुद्धा झाला नाही. तोंड नुसतं उघडलं. लाल चटणी त्यांच्या चपलांवर सांडली. दुसरं उघडलं. तिसरं त्यांनी ताणलंच नाही, नुसतं टेबलावर टाकलं, आणि ते आपटून उघडलं.

त्यांनी वाकून पायावरची चटणी झटकली.

"आता सहा," मी म्हणाले आणि बटण फिरवलं.

चौथं पाऊच हळू गेलं. ताईंनी ओढलं, अजून जोराने ओढलं, दात आवळून ओढलं. फिल्म लांबली, पांढरी पडली, बाजूने फाटली. जोड तसाच राहिला.

"सहावर मिनिटाला किती होतील?"

"तुमच्या पाऊचची चोवीस. तुमच्याकडे भरली जातात वीस."

त्या माझ्याकडे आणि मग जयंत सरांकडे बघत राहिल्या. "म्हणजे मला सहा पुरत होते?"

"बिल्कुल पुरतायत मॅडम!" सरांचा चेहरा उजळला. "मी तेच म्हणतोय. परफेक्ट आहे तुमच्यासाठी. आज बुक करून टाकू."

"अहो, पुरत होते तर सांगितलं का नाहीत?" ताईंचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटला. "मी काय बारा मागायला आले होते? मला बारा म्हणजे काय हे तरी माहीत होतं का? माझ्याच चटणीचं खोटं करून मलाच पाठवलंत! कँटीनमध्ये पुन्हा वास सुटला असता तर तुम्ही येऊन मेजरसमोर उभे राहणार होतात का, हां? काल हे सहा दाखवलं असतं ना, तर काल रात्री मशीन घेतलं असतं मी."

"मॅडम, मार्केटमध्ये सगळेच—"

"मग सगळ्यांनाच विचारते." त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "काल तुझा आवाज ऐकला. आता परत बोल. माझ्यासमोर. आमच्या कुंडलीच्या मसालेवाल्यांचा ग्रुप आहे, सत्तर-ऐंशी जण आहेत, सगळ्यांना मशीन घ्यायचंय. बाकीच्या तीन कंपन्यांनाही हाच व्हिडिओ पाठवते, म्हणते, असं करून दाखवा. साहेब, तुमच्या मशीनचंही त्यात राहील, चांगलं तेही आणि वाईट तेही. बघू कोण काय पाठवतं, मग ठरवते."

"माला," जयंत सर दबक्या आवाजात म्हणाले. "तू कंपनीची नोकर आहेस. विचार कर."

मी विचार केला होता. मेट्रोत, घरी जेवताना, वडिलांनी काय झालं विचारल्यावर. मी एक पाऊच उचललं आणि ते कॅमेऱ्याला दिसेल असं उघडं धरलं. "हे पाऊच उघडं आहे. मशीनमध्ये पहिल्यांदाच जातंय. वेग बारा," मी म्हणाले. गेलं, आलं, ओढलं, उघडलं. "गरम ठोकळ्यांमध्ये फक्त एक सेकंद मिळतो. या जाडीला पुरत नाही." बळवंतने पुढचं पाऊच माझ्या हातात दिलं. मी वेग सहावर आणला. "हेही उघडं आहे."

पाऊचचं तोंड चिमटीत शिरलं तेवढ्यात खट्कन आवाज झाला आणि सगळं थांबलं. जयंत सर भिंतीजवळ मेन स्विचवर हात ठेवून उभे होते. 

"बस झालं," ते म्हणाले. "पुरे."

पट्टे थांबले, पण ठोकळे तापलेलेच होते. मधे अडकलेल्या पाऊचच्या तोंडाला आधी चुण्या पडल्या, मग ते तपकिरी झालं आणि जळक्या प्लास्टिकचा, वर लसणाचा, वास शेडभर पसरला. बळवंत पक्कड शोधायला धावला. हेमलताताईंनी फोन खाली घेतला नाही.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "बोल."

मला राग आला होता. तरी जे दिसत होतं ते नीट सांगायचं होतं.

"वीज जयंत सरांनी बंद केली," मी फोनकडे बघून म्हणाले. "हीटर लगेच गार होत नाही, म्हणून हे पाऊच जळतंय. हा मशीनचा दोष नाही."